नवख्याचा वेग आणि अनुभवी माणसाचा पगार

एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहकसेवेतील पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्राहकाशी लेखी संवाद चालू असताना कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली पडद्यावर उत्तर सुचवत असे आणि ते वापरायचे की नाही, हे कर्मचारी ठरवत असे. तासाभरात सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. मात्र नवख्या आणि कमी कुशल कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ही वाढ ३४ टक्के होती, तर मुरलेल्यांचा वेग जवळजवळ तेवढाच राहिला. प्रणाली जुन्या संवादांवरून शिकली होती, त्यामुळे उत्तम कर्मचाऱ्यांची हातोटी नवख्यांपर्यंत पोहोचली, असे अभ्यासकांचे स्पष्टीकरण आहे.

यातून वेतनाचा पेच कसा उभा राहतो, हे एका काल्पनिक हिशेबाने पाहू. नवखा कर्मचारी तासाला दोन तक्रारी सोडवत होता आणि अनुभवी तीन. ३४ टक्के वाढीनंतर नवखा २.६८ वर पोहोचतो आणि एका तक्रारीचे अंतर जेमतेम ०.३२ उरते. बोनस सहकाऱ्यांशी तुलना करून दिला जात असेल, तर अनुभवी माणसाचे काम तसूभरही कमी न होता त्याची कमाई घटू शकते, आणि तीही त्याच्याच संवादांतून शिकलेल्या प्रणालीमुळे. दुसरीकडे, कमी शिकलेला माणूसही हे काम करू लागला की नव्या भरतीचा पगार वाढवण्याची कंपनीला निकड राहत नाही. उत्पादकता वाढली म्हणजे वेतन आपोआप वाढेल, हे गृहीतक इथे टिकत नाही.

सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न, म्हणजे प्रत्येकाला विनाअट ठरावीक रक्कम नियमितपणे देणे, हा यावरचा उपाय म्हणून मांडला जातो. अमेरिकेतील टेक्सास आणि इलिनॉय या राज्यांत झालेल्या एका प्रयोगात कमी उत्पन्नाच्या एक हजार व्यक्तींना तीन वर्षे दरमहा एक हजार डॉलर देण्यात आले. तुलनेसाठीच्या गटापेक्षा त्यांनी आठवड्याला सुमारे सव्वा तास कमी काम केले; म्हणजे हातात पैसा आल्यावर बहुतेकांनी काम सोडून दिले नाही. मला ही रक्कम मोलाची वाटते, कारण पडेल ती नोकरी पत्करण्याची सक्ती तिने सैल होते. तरीही या प्रयोगाला एक मोठी मर्यादा आहे. दोन राज्यांत विखुरलेल्या हजार जणांमुळे बाजारातील वेतनाचा दर हलत नाही आणि पैसा देणगीतून आल्यामुळे करांचा भारही तपासला जात नाही. सर्वांनाच रक्कम मिळू लागली, तर कामगार अधिक पगार मागू शकतील, की मालक त्या रकमेइतका पगार कमी देऊ करतील, हे त्यावरून ठरवता येत नाही.

शिवाय मूलभूत उत्पन्न सर्वांना सारखेच मिळते, तर त्या अनुभवी कर्मचाऱ्याचा दावा त्याच्या विशिष्ट योगदानाचा आहे. त्यासाठी वेतनकरारातच तरतूद हवी: प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी संवाद वापरल्यास वेगळा मोबदला, आणि प्रणाली आल्यावर तुलनेवर आधारलेल्या बोनसची फेरमांडणी.