टॉक्सोप्लास्मोसिस

टॉक्सोप्लास्मा गोंडी नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होणारं इन्फेक्शन. हा परजीवी मलेरियाच्या परजीवीचा लांबचा भाऊबंद. माणसापर्यंत तो मुख्यतः दोन वाटांनी येतो, एक म्हणजे मांजराच्या शीतून माती-पाणी-भाजीमार्गे आणि दुसरी म्हणजे नीट न शिजलेल्या मटणातून. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही कळतच नाही, फार तर थोडा ताप येतो, मानेला गाठी येतात आणि आपोआप जातात. पण परजीवी शरीरातून जात नाही, तो स्नायूंत, मेंदूत, डोळ्याच्या पडद्यात बारीक कोषांत जन्मभर गप्प बसून राहतो, आणि पुढचं सगळं या गप्प बसण्यावरच अवलंबून आहे.

शोध आणि नाव

१९०८ मध्ये ट्युनिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शार्ल निकोल आणि लुई मांसो यांना गुंडी नावाच्या उत्तर आफ्रिकेतल्या उंदरासारख्या प्राण्यात हा जीव दिसला, आधी त्यांना तो लिश्मानिया हा दुसराच परजीवी वाटला होता. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये साओ पाउलोला आल्फोन्सो स्प्लेंडोरे यांना तो सशात सापडला. कोण आधी यावर बरंच लिहिलं गेलंय, पण मान सहसा ट्युनिसकडे दिला जातो आणि ते बरोबरच वाटतं, कारण १९०९ मध्ये वेगळा जीव म्हणून नाव त्यांनी दिलं. ग्रीकमध्ये तोक्सोन म्हणजे धनुष्य, परजीवीचा आकार तसा बाकदार, म्हणून टॉक्सोप्लास्मा. प्राण्याचं नाव गुंडी असताना परजीवी मात्र ‘गोंडी’ झाला, ती चूक तशीच रूढ झाली.

माणसातला रोग ओळखायला आणखी वेळ गेला. १९२३ मध्ये प्रागचे नेत्रतज्ज्ञ योसेफ यांकू यांनी डोक्यात पाणी झालेल्या एका तान्ह्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यातले कोष वर्णन केले, पण हे इन्फेक्शन आईकडून पोटातच बाळाला होतं हे ठामपणे मांडलं गेलं ते १९३९ मध्ये न्यूयॉर्कला वुल्फ, कोवेन आणि पेज यांच्याकडून.

मटण की मांजर: मुंबईच्या शाकाहाऱ्यांचा पुरावा

आईकडून बाळाला होतं हे कळलं, पण आईला कुठून होतं? बरीच वर्षं अंदाज मटणाकडेच होता आणि त्याला जोरदार आधार मिळाला फ्रान्समध्ये. टीबीच्या एका सॅनेटोरियममध्ये मुलांना ताकद यावी म्हणून अर्धकच्चं मांस द्यायचे. देमों आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाखवलं की एरवी वर्षाला १० टक्क्यांच्या आसपास मुलांना नव्याने इन्फेक्शन व्हायचं, अर्धकच्चं गोमांस किंवा घोड्याचं मांस सुरू केल्यावर ते ५० टक्क्यांपर्यंत गेलं, आणि मेंढीच्या अर्धकच्च्या चॉप्स वाढल्यावर १०० टक्के. मटणाविषयी यापेक्षा स्पष्ट पुरावा नंतरही क्वचितच मिळाला असेल.

पण ही गोष्ट एकटी पुरत नव्हती आणि ते आधीच मुंबईत दिसलं होतं. १९५९ मध्ये रावल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मुंबईतल्या शाकाहारी आणि मांसाहारी लोकांच्या रक्तात डाय टेस्ट करून अँटिबॉडी बघितल्या होत्या, आणि प्रमाण दोघांत साधारण सारखंच निघालं. ज्यांनी कधी मटणाला हात लावला नाही त्यांच्यात हा परजीवी आला कुठून? गवत खाणाऱ्या मेंढ्यांमध्ये तरी कुठून येतो? म्हणजे मटणाच्या मागे आणखी एक उगम असणार हे उघड होतं. परदेशी इतिहासलेखनात या अभ्यासाला एखादं वाक्य मिळतं, पण प्रश्न नेमका मांडण्याचं काम त्याने केलं असं म्हणायला हरकत नाही.

उत्तर ग्लासगोहून आलं. १९६५ मध्ये हचिसन यांनी मांजराच्या शीमध्ये हा परजीवी टिकून राहतो हे दाखवलं, फक्त त्यांचा समज असा झाला की तो मांजराच्या पोटातल्या जंतांच्या अंड्यांत बसून बाहेर पडतो. हा समज काही वर्षंच टिकला, कारण जंत नसलेल्या मांजरांच्या शीतूनही इन्फेक्शन होत होतं. १९७० च्या सुमारास हचिसन यांच्यासह तीन-चार गटांना, त्यात अमेरिकेत फ्रेंकेल यांच्याकडे काम करणारे मूळचे भारतीय पशुवैद्यक जे. पी. दुबे हेही होते, परजीवीची स्वतःची अंड्यासारखी अवस्था म्हणजे ऊसिस्ट सापडली. ती फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात तयार होते. पॅसिफिकमधल्या ज्या बेटांवर मांजरं नव्हती तिथल्या लोकांत इन्फेक्शन जवळपास दिसत नाही, हे वॉलेस यांचं त्याच सुमाराचं निरीक्षण याला बरोबर जुळलं. मांजरच का, याचं पटण्यासारखं स्पष्टीकरण मात्र २०१९ मध्ये आलं: मांजराच्या आतड्यात एक एन्झाइम काम करत नाही, त्यामुळे लिनोलेइक आम्ल साचून राहतं आणि परजीवीला लैंगिक अवस्थेत जायला तेच लागतं.

मांजरापासून नेमका धोका किती

मांजर उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाऊन पहिल्यांदा इन्फेक्ट झालं की काही दिवसांनी त्याच्या शीतून लाखो ऊसिस्ट पडायला लागतात, साधारण एक ते तीन आठवडे, आणि मग बंद होतं, पुन्हा सहसा पडत नाहीत. आणि ताजी शी लगेच इन्फेक्शन देत नाही, ऊसिस्ट बाहेर हवेत पक्व व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून घरातल्या मांजराचा ट्रे रोज साफ केला तर धोका फारच कमी होतो, आणि प्रेग्नन्सीत ते काम घरातल्या दुसऱ्याने करावं, इतकंच. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही, कुरवाळण्याने हे सहसा होत नाही. खरा प्रश्न उघड्यावरच्या शीचा आहे, कारण ओलसर सावलीतल्या मातीत ऊसिस्ट वर्षभराहून जास्त टिकतात, आणि तीच माती कुंडीतून हाताला, शेतातून कोथिंबिरीला, पावसातून पाण्यात जाते. पाण्यातल्या क्लोरीनने ते मरत नाहीत, उकळल्यावर मरतात. कोइमतूरला २००४-०५ मध्ये डोळ्याच्या टॉक्सोप्लास्मोसिसचे २४८ पेशंट सापडले तेव्हा संशय शहराच्या पाणीपुरवठ्यावरच गेला होता.

मटणातले कोष त्या मानाने नाजूक. आतपर्यंत ६७ अंश सेल्सियस झालं की मरतात, आणि उणे १२ अंशाला आतपर्यंत नीट गोठलं की बहुतेक मरतात. कुकरला शिट्ट्या देऊन केलेल्या रश्श्यात म्हणून भीती नाही, ती आहे आतून गुलाबी राहिलेल्या कबाबात, मीठ-तिखट बघायला कच्चा खिमा जिभेवर ठेवण्यात, आणि मटण कापलेल्या सुरीनेच काकडी चिरण्यात. मायक्रोवेव्हवर विसंबू नये, त्यात उष्णता सगळीकडे सारखी पोचत नाही.

प्रेग्नन्सी: नवीन इन्फेक्शनचा धोका

इथे एक गोष्ट नीट समजली पाहिजे कारण यावरून बायका विनाकारण फार भोगतात. बाळाला धोका असतो तो आईला प्रेग्नन्सीत, किंवा त्याच्या अगदी थोडं आधी, आयुष्यात पहिल्यांदा इन्फेक्शन झालं तर. आधीच होऊन गेलेलं असेल तर आईची प्रतिकारशक्ती बाळाला सांभाळते. फ्रान्समधल्या लिआँच्या मोठ्या अभ्यासात (१९९९) आईला १३ व्या आठवड्यात इन्फेक्शन झालं तर बाळापर्यंत पोचायची शक्यता ६ टक्के, ३६ व्या आठवड्यात ७२ टक्के निघाली. पण लवकर पोचलं तर नुकसान जास्त, डोक्यात पाणी, मेंदूत कॅल्शियमचे ठिपके, डोळ्याच्या पडद्याला सूज. उशिरा इन्फेक्शन पोचलेलं बाळ जन्मताना ठणठणीत दिसतं, पण डोळ्याचा त्रास काही वर्षांनीही निघू शकतो.

समजा ११ व्या आठवड्यात टॉर्च टेस्ट, म्हणजे गर्भाला बाधणाऱ्या इन्फेक्शनची रक्ततपासणी, केली आणि जुन्या इन्फेक्शननंतरही राहणारी अँटिबॉडी आयजीजी आणि सुरुवातीला येणारी आयजीएम, दोन्ही पॉझिटिव्ह आले. घाबरून गर्भपाताच्या गोष्टी इथेच सुरू होतात. पण आयजीएम कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त, पॉझिटिव्ह राहू शकतो आणि कधी चुकीचाही येतो. पुढची टेस्ट म्हणजे आयजीजी अॅव्हिडिटी, अँटिबॉडीची पकड किती घट्ट ते बघणारी. पकड घट्ट असेल तर इन्फेक्शन किमान चारेक महिन्यांपूर्वीचं, म्हणजे गर्भ राहायच्या आधीचं, आणि या बाईला काही औषध लागत नाही. पकड सैल आली तर मात्र नवीनच आहे असं सिद्ध होत नाही, काहींची महिनोन्महिने सैलच राहते. मग दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊन दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये एकत्र तपासतात. नवीन इन्फेक्शनची शंका उरली तर स्पायरामायसिन सुरू करतात आणि १८ व्या आठवड्यानंतर गर्भजलाची पीसीआर करतात. बाळापर्यंत पोचलंय असं दिसलं तर पायरिमेथामीन, सल्फाडायझिन आणि फोलिनिक आम्ल. पायरिमेथामीन पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत, गर्भाला घातक ठरू शकतं.

वारंवार होणाऱ्या गर्भपातांचं खापर जुन्या आयजीजीवर फोडलं जातं, त्याला बहुतेक तज्ज्ञ आधार मानत नाहीत. फ्रान्समध्ये निगेटिव्ह असलेल्या गरोदर बाईची दर महिन्याला टेस्ट होते, ब्रिटन-अमेरिकेत सरसकट करत नाहीत.

वाढलेला एचआयव्ही: जुनं इन्फेक्शन जागं होणं

इथे हिशोब उलटा. प्रेग्नन्सीत जो जुना पॉझिटिव्ह आयजीजी दिलासा असतो, तोच इथे इशारा. कोष फुटत असतात तेव्हा टी-पेशी परजीवीला तिथल्या तिथे दाबतात, आणि सीडी४, म्हणजे रक्तातल्या अशा टी-पेशींचा आकडा, १०० च्या खाली गेला की ते दाबणं सुटतं. बहुधा मेंदूतच फुटतं.

नेहमीचं चित्र असं: एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, न घेणारा किंवा मध्येच सोडलेला माणूस, सीडी४ ६०, आठ-दहा दिवस डोकं दुखतंय, ताप, उजवा हात जड, मग फिट येते. एमआरआयमध्ये मेंदूत खोलवर अनेक गाठी आणि भोवती टोचलेल्या रंगाचं कडं. आपल्याकडे टीबीची गाठही अशीच दिसते, लिम्फोमा हा कॅन्सरही, त्यामुळे नुसत्या फोटोवर भागत नाही. आयजीजी निगेटिव्ह असेल तर टॉक्सोची शक्यता बरीच कमी, पॉझिटिव्ह असेल तर औषध लगेच सुरू करतात, कोट्रायमॉक्सॅझोलचा मोठा डोस किंवा वरचं पायरिमेथामीन-सल्फाडायझिन, निदान सहा आठवडे. दहा-चौदा दिवसांत माणूस सुधारला आणि गाठी लहान झाल्या तर तेच निदान. नाही झाला तर टीबी, लिम्फोमा, गरज पडली तर बायॉप्सी. गडबड होते ती सोबत स्टेरॉइड दिल्यावर, सूज उतरून माणूस बरा वाटतो आणि औषध लागू पडलं असा गैरसमज होतो, लिम्फोमाही स्टेरॉइडने काही दिवस आकसतो. एआरटी साधारण दोन आठवड्यांत सुरू करतात, आणि सीडी४ वर येऊन टिकेपर्यंत कोट्रायमॉक्सॅझोल रोज चालू ठेवतात. ज्याला अजून काहीच झालेलं नाही पण सीडी४ कमी आहे त्यालाही एआरटी सेंटरवर हीच गोळी देतात, ती न्यूमोनियासाठी म्हणून ओळखली जाते पण टॉक्सोलाही तीच अडवते.