फ्रिंज कापायला येताय? चष्मा पर्समध्ये नको, डोळ्यावर हवा

आमच्याकडे महिन्यातून चार-पाच जणी तरी असं सांगत येतात की ताई, मागच्या वेळी कापलेली फ्रिंज इथे आरशात छान दिसत होती पण घरी जाऊन बघितलं तर कपाळ अजूनच मोठं दिसायला लागलंय. मग आम्ही विचारतो, कापताना चष्मा कुठे होता? पर्समध्ये. किंवा लेन्स लावून आल्या होत्या कारण त्या दिवशी कुणाचं तरी लग्न होतं. प्रत्येकीला हे तोंडी सांगून थकलो, म्हणून हे पत्रक.

खरं सांगायचं तर घोळ साधा आहे. खुर्चीत बसल्यावर तुम्ही सवयीने चष्मा काढून मांडीवर ठेवता. नंबर मायनस चार असेल तर आरशात दिसतो तो धुरकट गोळा. आम्ही विचारतो "एवढी ठीक आहे?" आणि तुम्ही मान डोलावता, कारण दिसत काहीच नसतं आणि तसं सांगायला संकोच वाटतो. शेवटी चष्मा लावल्यावर कळतं, पण तोवर केस फरशीवर पडलेले असतात. म्हणून आता आम्हीच दोन-तीनदा थांबून चष्मा लावायला लावतो, पाणी उडालं तर पुसायला कापड ठेवलंय. यात पंधरा-वीस मिनिटं जास्त जातात आणि मागे बसलेल्यांची कुरकुरही ऐकावी लागते, पण चुकलेली फ्रिंज वाढायला किती वेळ लागतो ते पुढे वाचा म्हणजे आमची वीस मिनिटं डोळ्यांत खुपणार नाहीत.

आधी एक बघा, कपाळ रुंद आहे की उंच

बहुतेक जणी दोन्हीला "मोठं कपाळ" म्हणतात, पण दोन्हीचा इलाज वेगळा. भुवईच्या वर चार बोटं आडवी ठेवा, बोटं संपून वर बरीच जागा उरत असेल तर कपाळ उंच. आणि दोन्ही कानशिलांमधलं अंतर गालाच्या हाडांइतकं किंवा त्याहून जास्त दिसत असेल तर रुंद. उंच कपाळाला मधोमध झाकण लागतं. रुंद कपाळाचा प्रश्न मध्ये नसतोच, तो असतो दोन कोपऱ्यांत, भुवईची शेपटी संपते त्याच्या वर. तिथे केस आणले की मधलं कपाळ उघडं राहिलं तरी काही बिघडत नाही. (टिकली लावणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवा, पूर्ण फ्रिंजमध्ये टिकली गायब होते आणि मग सासूबाई आम्हाला बोल लावतात.)

आता यात चष्मा आणा. फ्रेमची वरची कड म्हणजे चेहऱ्यावरची अजून एक आडवी रेघ, जाड काळी फ्रेम असेल तर भुवईपेक्षाही ठसठशीत. त्याच्यावर या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत सरळ कापलेली दाट फ्रिंज आली की आडव्या दोन रेघा होतात, मध्ये कातडीची एक पट्टी अडकते, आणि जे रुंद आहे ते अजून रुंद दिसतं. रुंद कपाळाला सरळ फ्रिंज चालतच नाही असं नाही, पण मग ती दोन्ही भुवयांच्या मधल्या भागापुरती अरुंद घ्यायची, खाली टोकं थोडी विरळ करायची, आणि बाजूच्या बटा लांब सोडायच्या.

लांबीचा एक नियम आम्ही मोडत नाही. फ्रिंजचं टोक एकतर फ्रेमच्या वरच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर वर संपलं पाहिजे, नाहीतर बाजूला वळून फ्रेमच्या खाली गालापर्यंत गेलं पाहिजे. मधे, म्हणजे काचेच्या उंचीवर, संपता कामा नये. तिथे संपलेले केस फ्रेमवर टेकतात, फ्रेम त्यांना पुढे ढकलते, मध्ये फट पडते, पापण्यांना टोचतं आणि कपाळाचं तेल काचेवर लागून दिवसभर पुसत बसावं लागतं. प्रोग्रेसिव्ह काच वापरणाऱ्यांची तर लांबचं दिसणारी बाजू वरच असते, म्हणजे गाडी चालवताना नेमके तिथेच केस.

एका ताईंचं उदाहरण

एक शिक्षिका आहेत, जुन्या कस्टमर. केस हलके वेव्ही, कपाळ रुंद पण उंच नाही, फ्रेम काळी आयताकृती. गेल्या वर्षी लग्नाच्या गडबडीत दुसरीकडून भुवईला टेकेल अशी पूर्ण फ्रिंज करून घेतली, ओले केस असताना आणि लेन्स घालून. वेव्ही केस वाळले की दीड-दोन सेंटिमीटर वर चढतात, सरळ केससुद्धा थोडे चढतातच, त्यामुळे भुवईला मापलेली फ्रिंज अर्ध्या कपाळावर गेली. वर सोमवारी शाळेत जायला चष्मा लावला तर ती जाड पट्टी आणि काळी फ्रेम समोरासमोर. रडवेल्या होऊन आल्या.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. त्यांच्या केसांना गालाच्या हाडापर्यंत पोचायला निदान पाच सेंटिमीटर हवे होते, म्हणजे चार महिने. पहिले दोन महिने आम्ही काही कापलंच नाही, फक्त भांग हलवला. त्यांचा मधला भांग होता, तो डाव्या भुवईच्या कमानीवर आणला आणि फ्रिंज उजवीकडे वळवून कानामागे छोट्या क्लिपने बसवली. तिसऱ्या महिन्यात टोकांचा जाडपणा काढला. चौथ्या महिन्यात कर्टन फ्रिंज घेतली, कोरड्या केसांवर, चष्मा लावून: मधल्या सगळ्यात आखूड बटा सरळ खाली ओढल्यावर फ्रेमच्या नाकावरच्या पुलापर्यंत येतील अशा, म्हणजे बाजूला वळल्या की भुवईवरून जातात, आणि तिथून उतरत उतरत कडेच्या बटा फ्रेमच्या खालच्या कडेच्या एक सेंटिमीटर खाली. पहिल्यांदा सगळं दीड सेंटिमीटर लांबच ठेवलं, चष्मा लावून हसायला सांगितलं, मान खाली घालून वही तपासल्यासारखं करायला सांगितलं, मग उरलेलं कापलं. कोपरे झाकले गेले, टिकली दिसतेय, काचेवर केस नाहीत.

यातली एक बारीक गोष्ट म्हणजे चष्म्याची काडी. काडीखाली केस अडकले की कानशिलावर फुगा येतो, म्हणजे जिथे आधीच रुंद तिथेच अजून रुंदी. कानाच्या उंचीवर संपणारी बट तर हमखास बाहेर उभी राहते, कारण तिला खाली ओढायला वजनच नसतं. म्हणून कडेच्या बटा काडीच्या बऱ्याच खाली उतरवायच्या. घरी करायचं एवढंच की चष्मा आधी लावा आणि मग पुढच्या बटा काडीवरून बाहेर ओढा, उलट करू नका.

भांग

भांगाचं लोक उगाच टेन्शन घेतात. ओले केस मागे विंचरून तळव्याने पुढे ढकला, जिथे आपोआप फट पडते तो तुमचा नैसर्गिक भांग, तिथून एक-दोन सेंटिमीटर इकडे तिकडे करता येतं, त्यापेक्षा लांब नेला तर दुपारपर्यंत परत जागेवर. कपाळाच्या कडेला भोवरा असेल तर त्याच्याशी भांडू नका, तो जिंकतो. फ्रिंज नसेल तर सरळ मधला भांग रुंद कपाळ पूर्ण उघडं पाडतो, तेव्हा भुवईच्या कमानीवरचा भांग बरा. फार खाली कानाजवळ नेलात तर केसांचा सगळा भार एका काचेवर पडतो. कर्टन फ्रिंज असेल तर मधला भांग चालतो, चालतो काय शोभतो.

लांबी

रुंद कपाळाला वजन खाली हवं, हनुवटीच्या आसपास. म्हणून हनुवटीखाली तीन-चार सेंटिमीटरपासून गळ्याच्या हाडापर्यंतची लांबी आम्ही जास्त सुचवतो. बरोब्बर खांद्यावर टेकणारी मात्र नको, टोकं खांद्यावर आपटून बाहेर वळतात आणि मग रोज स्ट्रेटनर. लांब केस ठेवायचे असतील तर ठेवा की, फक्त पुढचे लेअर गालाच्या हाडाच्या वर सुरू करू नका, तिथे सुरू केले की फुगवटा परत कानशिलाला. आणि लांब केसांची घट्ट मागे ओढलेली पोनी घालणार असाल तर पुढच्या दोन बटा सोडा, नाहीतर आम्ही केलेल्या सगळ्यावर पाणी.

आता पुण्यातला खास प्रॉब्लेम, हेल्मेट आणि स्कार्फ. स्कूटीवरून उतरल्यावर कोणतीही फ्रिंज कपाळाला चिकटलेलीच असते. हेल्मेट घालताना फ्रिंज भांगाच्या उलट बाजूला वळवून ठेवा, उतरल्यावर ओल्या बोटांनी मुळाशी हलवा, दोन मिनिटांत बसते. ऑफिसात एक वेल्क्रो रोलर ठेवला तर अजून उत्तम, आमच्याकडे सुटे मिळतात.

काही जणींना आम्ही फ्रिंज करत नाही हेही सांगून ठेवते. पुढची हेअरलाइन विरळ असेल, वर्षानुवर्षं घट्ट वेणीने कानशिलाचे केस गेले असतील, तर फ्रिंजसाठी मागचे केस पुढे आणावे लागतात आणि भांग अजून रुंद दिसतो. तिथे कमानीवरचा भांग आणि पुढे दोन लांब बटा एवढंच. खूप कुरळ्या केसांना ओल्यावर मापच घेत नाही, एकेक कुरळी बट कोरडी कापतो, त्याला वेळ लागतो आणि त्याचे पैसे वेगळे आहेत.

नवीन फ्रेम घ्यायची असेल तर आधी ती घ्या, मग या. पातळ गोल फ्रेमवरून मोठ्या चौकोनी फ्रेमवर गेलात की वरची कड सरकते आणि आमचं एक सेंटिमीटरचं गणित बदलतं. हेअर स्प्रे मारताना मात्र चष्मा काढाच, काचेवर त्याचा चिकट थर बसतो. आणि रंगाला येणार असाल तर काळजी नको, काड्यांना प्लास्टिक गुंडाळून देतो, डाग पडत नाही.

घरी मधूनच कात्री लावायचा मोह होतो ते कळतं, पण चष्मा काढून स्वतःची फ्रिंज कापणं म्हणजे डोळे झाकून कोथिंबीर चिरणं, आणि चष्मा लावून कापायला गेलात तर कात्री फ्रेमला अडते. त्यापेक्षा आमच्याकडे केलेल्या फ्रिंजची पहिली ट्रिम चार आठवड्यांच्या आत फुकट आहे, दहा मिनिटांचं काम, अपॉइंटमेंट न घेता या. पहिल्यांदा फ्रिंज करणाऱ्यांनी मात्र मंगळवार ते शुक्रवार दुपारची वेळ घ्या, शनिवार-रविवार गर्दीत ते काम आम्ही घेत नाही. केस आदल्या दिवशी धुतलेले, तेल नाही, मोबाइलमध्ये फोटो दाखवणार असाल तर चष्मा लावलेल्या बाईचा दाखवा, आणि तुमचा रोजचा चष्मा डोळ्यावर.