विनियोगाचे आभारपत्र

देणगीदाराने दिलेली रक्कम कशावर खर्च झाली आणि त्यातून काय उभे राहिले, हे संस्थेने त्याला कळवणारे पत्र. नवी देणगी त्यात मागितलेली नसते, हे या पत्राचे वेगळेपण. पावती, वार्षिक अहवाल आणि मदतीचे आवाहन यांच्याशी त्याची गल्लत होते. पुष्कळदा या चारही गोष्टी एकाच पाकिटात येतात.

पावती हा कराचा कागद आहे. ८०जी सवलतीसाठी देणगीदाराला १०बीई हे प्रमाणपत्र देण्याची पद्धत आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून सुरू झाली. पैसे मिळाले एवढेच त्यातून सिद्ध होते. पावतीबरोबर आभाराच्या दोन ओळी लगेच जाव्यात, हे योग्यच. विनियोगाचे पत्र मात्र खर्च होऊन वस्तू वापरात आल्यावर लिहायचे असते, म्हणजे सहसा तीन ते सहा महिन्यांनी. घाईने लिहिलेल्या पत्रात ‘घेणार आहोत’, ‘करणार आहोत’ अशी भविष्यकाळी क्रियापदे येतात. पत्र वेळेआधी निघाल्याची हीच खूण.

उदाहरणादाखल एक कल्पित प्रसंग घेऊ. आईच्या स्मरणार्थ एका निवृत्त शिक्षिकेने तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाला बालविभागासाठी ४०,००० रुपये दिले. दोन लोखंडी कपाटांना १९,००० रुपये लागले, १८४ पुस्तकांना १७,६०० आणि नोंदवही, चिठ्ठ्या व कव्हरे यांना १,१५०. एकूण खर्च ३७,७५० रुपये झाला आणि २,२५० उरले. चार महिन्यांनी ग्रंथपालांनी लिहिले:

‘सा. न. वि. वि. आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ सुरू झालेला बालविभाग जूनपासून उघडला आहे. दोन कपाटे आणि १८४ पुस्तके घेतली; खर्चाचा तपशील मागील पानावर आहे. शनिवारी दुपारी मुले येतात. गोष्टींची पुस्तके कपाटात टिकत नाहीत, विज्ञानाच्या पुस्तकांना मात्र अजून फारसे वाचक नाहीत. नऊ पुस्तके परत यायची आहेत, त्यासाठी मुलांच्या घरी निरोप पाठवला आहे. पुस्तकांवर सवलत मिळाल्याने २,२५० रुपये उरले. ते याच पुस्तकांच्या बांधणीसाठी वापरावेत असा विचार आहे. आपली संमती असल्यास कळवावे.’

या पत्राचे बळ नऊ पुस्तकांच्या ओळीत आहे. न जमलेली गोष्ट संस्थेने आपणहून सांगितली की बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो. उरलेल्या रकमेचा उल्लेखही गरजेचा आहे. ठरावीक कामासाठी दिलेला पैसा दुसरीकडे वळवायचा तर दात्याला विचारले पाहिजे, आणि ही विचारणा म्हणजे नवी मागणी नव्हे. बांधणी बालविभागातलीच असली तरी ‘बालविभागासाठी’ या शब्दांत ती बसते की नाही, हे संस्थेने परस्पर ठरवू नये.

सर्वांत जास्त घोटाळा शेवटच्या ओळीत होतो. ‘आपले असेच सहकार्य यापुढेही लाभावे, ही विनंती’ हे वाक्य मराठी कार्यालयीन पत्रात हात आपोआप लिहून जातो. लिहिणाऱ्याला तो शिष्टाचार वाटतो. पैसे देणाऱ्याला ती मागणी वाटते, आणि वर लिहिलेले सगळे तिची प्रस्तावना होऊन बसते. ‘लोभ असावा, ही विनंती’ यातही विनंती आहे, पण ती जिव्हाळ्याची आहे, म्हणून चालते. ‘सा. न. वि. वि.’मधली विनंती तर कोणी मागणी म्हणून वाचतच नाही. लेटरहेडच्या तळाशी छापलेला बँक खाते क्रमांक आणि क्यूआर कोड हीसुद्धा मूक मागणीच. अशा पत्रासाठी तो भाग नसलेला कागद वापरावा. वाचनालयाच्या पत्राचा शेवट असा होता: ‘कधी शनिवारी इकडे येणे झाले तर मुलांना आनंद होईल.’

पुढचे आवाहन कधीच करू नये, असा याचा अर्थ नाही. ते स्वतंत्र पत्राने, मधे पुरेसे अंतर ठेवून करावे.

हा प्रकार सगळीकडे जसाच्या तसा बसत नाही. देणगी सर्वसाधारण निधीत गेली असेल तर ‘तुमच्या पैशातून हे कपाट’ असे म्हणणे खोटे ठरते. तिथे वीजबिल, पगार आणि भाडे यांत सर्वांच्या देणग्या मिळून काय भागले, तेच लिहावे. देणगीदाराने नाव गुप्त ठेवायला सांगितले असेल तर पत्र फक्त त्यालाच जावे, सूचनाफलकावर लागू नये. लाभार्थी मुलांची नावे आणि चेहरे पालकांच्या संमतीशिवाय पाठवू नयेत. भरलेल्या कपाटाचा फोटो पुरतो.