पाणी डोंगराच्या पोटात शिरतं तेव्हा

२६ जुलै २००५ ही तारीख महाराष्ट्रात सगळ्यांना आठवते. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. त्याच सुमारास महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर डोंगर आला आणि जवळपास दोनशे माणसं गेली, हे मात्र रायगडाबाहेर फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मुंबईच्या बातमीखाली ती बातमीही गाडली गेली. पुढे ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. चारही वेळा महिना जुलै आहे, आणि हा योगायोग नव्हे.

‘दरड कोसळली’ असं आपण सरसकट म्हणतो. पण घाटात रस्त्यावर दगड येऊन पडतात ती एक गोष्ट, आणि गावावर अख्खा उतार चिखल होऊन वाहत येतो ती वेगळी. गावं गाडतो तो दुसरा प्रकार. सह्याद्रीचा गाभा लाव्हाच्या थरांचा, म्हणजे काळ्या कातळाचा. त्यावर हजारो वर्षं झिजून झालेला मुरूम, माती आणि वरून घरंगळून आलेले दगडगोटे यांचं पांघरूण असतं. कुठे ते हातभर, तर कुठे पाच-सहा मीटर. गावं बहुतेक वेळा या पांघरुणावरच वसलेली असतात, कारण शेती तिथेच होते आणि पाणीही तिथेच लागतं. पाऊस या सच्छिद्र मातीतून खाली मुरतो आणि कातळाशी येऊन थबकतो. खाली वाट नाही, म्हणून तो कातळावरच साठत, चढत जातो.

माती भिजून जड होते, निसरडी होते आणि घसरते, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मातीचे कण एकमेकांवर दाबून बसलेले असतात आणि त्या दाबामुळेच त्यांच्यातलं घर्षण उताराला धरून ठेवतं. कणांमधल्या फटीत पाणी साठलं की ते उलट दाब देतं, कणांना जणू थोडं उचलून धरतं. पकड तेवढी सैल होते. कार्ल तेर्झागी या अभियंत्याने हे तत्त्व १९२० च्या दशकात मांडलं आणि १९५० मध्ये भूस्खलनावर लिहिलेल्या निबंधात उतारांना लावून दाखवलं.

आकड्यात बघू. ३० अंशांचा उतार, त्यावर तीन मीटर माती, तिचा घर्षणकोन, म्हणजे कोरडी माती ज्या उतारापर्यंत घसरत नाही तो कोन, ३५ अंश. कोरडी असताना धरून ठेवणारं बळ ओढणाऱ्या बळापेक्षा साधारण २० टक्के जास्त असतं. आता कातळावर पाणी चढू लागलं, असं समजा. भिजलेल्या मातीचं वजन पाण्याच्या साधारण दुप्पट धरलं, तर पाणी एक मीटरच्या थोडं वर गेलं की दोन्ही बळं समान होतात. पूर्ण तीन मीटर भिजायची गरजच नाही. मातीचा चिकटपणा आणि झाडांची मुळं यांचं बळ या हिशेबात धरलेलं नाही. प्रत्यक्षात त्यांच्यामुळेच उतार आणखी तग धरतो, आणि म्हणूनच झाडं तोडल्याचा परिणाम लगेच दिसत नाही. जुनी मुळं कुजायला काही वर्षं लागतात.

म्हणजे प्रश्न आज किती पाऊस पडला एवढाच नसून आधीच्या पावसाने पाणी कुठवर चढवून ठेवलंय हाही आहे. कोरड्या जूनमध्ये पडलेला शंभर मिलिमीटर माती पिऊन टाकते. जुलैच्या अखेरीस तोच पाऊस आधीच भरलेल्या भांड्यात पडतो. १९८० मध्ये नेल केन यांनी जगभरच्या नोंदींवरून एक सूत्र काढलं. त्यानुसार २४ तासांत सुमारे १०३ मिलिमीटर पाऊस झाला, की उथळ भूस्खलनाचा धोका सुरू होतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर असे दिवस दर पावसाळ्यात कितीतरी येतात. दरवेळी गाव खाली करा म्हटलं तर तिसऱ्या वेळी कुणी ऐकणार नाही. माळीणला आदल्या दिवशी १०८ मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद सांगितली जाते. आकडा घाटासाठी अजिबात विलक्षण नाही.

माळीण आंबेगाव तालुक्यातलं गाव. त्या सकाळी नेहमीची एसटी आली, तर चालकाला गावच दिसेना. तिथे चिखलाचा डोंगर होता. दीडशेच्या आसपास माणसं गेली. नंतर चर्चा रंगली ती पडकईची. उतार खणून भातखाचरं करायची ही इथली जुनी रीत, अलीकडे ती यंत्राने होऊ लागली होती. खाचरात पाणी उभं राहतं, वाहून जाण्याऐवजी मुरतं, आणि उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा टेकू जातो. माळीणला दोष नेमका किती कशाचा, यावर एकमत झालेलं नाही. माझ्या मते पडकईवर सगळं ढकलणं सोपं आहे. तळियेला आणि इर्शाळवाडीला पडकईचं कारण नव्हतं.

डोंगर सुटण्याआधी काही सांगतो का? बरेचदा सांगतो, पण गावात नाही, गावाच्या वर. पहिली खूण म्हणजे उतारावर आडवी, चंद्रकोरीसारखी भेग, तिचा खालचा काठ थोडा खचलेला. तिथून डोंगर वेगळा होऊ लागलेला असतो आणि पावसाचं पाणी थेट आत शिरतं. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून सकाळ-संध्याकाळ अंतर मोजलं की ती जिवंत आहे का ते कळतं. दिवसाला बोटभर वाढली, तर तिथे रात्र काढू नये. दुसरी खूण पाण्याची. पावसाळ्यात उपळे फुटतात, त्यात नवल नाही. पण कधी नव्हे तिथे फुटला, किंवा नेहमीचा स्वच्छ झरा गढूळ झाला, तर आतली माती वाहू लागली आहे. आणि पाऊस चालू असताना ओढा अचानक आटला, तर वर कुठेतरी मातीचा बांध पडून पाणी तुंबलेलं असू शकतं. तो बांध फुटेल तेव्हा मोजायला वेळ मिळणार नाही. तिरके झालेले खांब, ताणलेल्या तारा, एकाएकी अडकू लागलेली दारं या पुढच्या खुणा.

या खुणा उजेडात आणि उताराशी गेल्यावरच दिसतात. इर्शाळवाडीवर डोंगर रात्री अकराच्या सुमारास आला, मुसळधार पावसात. वाडीपर्यंत रस्ताही नव्हता. शिवाय ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनेच विधानसभेत सांगितलं. याचं आश्चर्य वाटायला नको. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे २०१४ पासूनचे संवेदनशीलतेचे नकाशे पन्नास हजारास एक या प्रमाणाचे आहेत. त्यावर एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. पन्नासेक घरांची वाडी तिथे जेमतेम एक ठिपका. असा नकाशा डोंगर दाखवतो, भेग दाखवत नाही.

माळीणचं पुनर्वसन आमडे इथे झालं. एप्रिल २०१७ मध्ये घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. जागा उताराचीच होती, कापून आणि भर घालून सपाट केलेली. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात ती भर खचली आणि नव्या गावातल्या जमिनीला भेगा गेल्या.