झाडावर डकवलेला कागद

रस्त्याकडेच्या एखाद्या जुन्या रेनट्रीच्या बुंध्यावर रंगाने आकडा टाकलेला दिसतो आणि शेजारी एक नोटीस डकवलेली असते. पावसात शाई ओघळते, कागद सुटतो. त्या कागदावर हरकत घ्यायला मुदत असते सात दिवसांची.

ही नोटीस 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमातून आली. या कायद्याने प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण आणलं. झाड तोडायचं तर त्याची परवानगी लागते, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते, आणि परवानगी मिळाल्यावरही 15 दिवस कुऱ्हाड चालवता येत नाही. मधल्या दिवसांत नागरिकाला दाद मागता यावी, म्हणून ही सवड.

दुखणं रचनेतच आहे. प्राधिकरणाचे अध्यक्ष महापालिका आयुक्तच. रस्ता रुंद करायचा, पूल बांधायचा, तर प्रस्ताव बहुधा त्यांच्याच खात्याचा, आणि निवाडाही त्यांच्याच टेबलावर. स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी सदस्य म्हणून घेण्याची सोय आहे, पण झाडांची जाण असलेली माणसं तिथे खरोखर बसतात का, हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढच्या दुरुस्तीने 25 पर्यंत झाडांचा निर्णय आयुक्तांना एकट्याने घ्यायची मुभा मिळाली. मोठ्या कामाचे तुकडे करून प्रत्येक अर्ज 25 च्या आत बसवायची वाट त्यातून मोकळी झाली, असा आक्षेप घेतला गेला. तो मला रास्त वाटतो.

हे सगळं एकदम उघड्यावर आलं आरेमध्ये. 29 ऑगस्ट 2019 ला मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणाने मेट्रो-3 च्या कारशेडसाठी 2,646 झाडांचा प्रस्ताव मंजूर केला. त्यातली 461 झाडं हलवायची होती, बाकीची तोडायची. हजारो हरकती नोंदवल्या गेल्या होत्या. 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबरला ती थांबवली, तोवर 2,141 झाडं पडली होती. वरच्या न्यायालयात जायला लोकांना एक रात्रही मिळाली नाही, ही बाब मला सगळ्यात जास्त लागते.

2021 मध्ये कायदा बदलला. 50 वर्षं वा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' ठरलं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावायची अट आली. रोपं सहा ते आठ फुटांची हवीत, सात वर्षं सांभाळायची.

म्हणून आता नोटीस दिसली की आधी झाडाचं वय बघावं. ते बुंध्याच्या घेरावरून अंदाजाने काढतात. साठ वर्षांचं झाड चाळीसचं लिहिलं गेलं, तर वारसा वृक्षाचं संरक्षण जातं आणि वीस रोपंही कमी होतात. टेप घेऊन घेर मोजावा आणि हरकतीच्या अर्जात तो आकडा लिहावा.