तीन किमती तपासल्या की पुरे का?

सदाशिव पेठेत आमच्याकडे राहायला आलेल्या नववीतल्या भाचीला गृहपाठात पुढील पदावलीची किंमत नेहमी १ येते, हे सिद्ध करायचे होते.

(x − 2)(x − 4)/3 − (x − 1)(x − 4)/2 + (x − 1)(x − 2)/6

तिने कंस सोडवलेच नाहीत. x च्या जागी १ घातल्यावर दुसरे आणि तिसरे पद शून्य झाले आणि पहिल्याचे (−1)(−3)/3, म्हणजे १, उरले. २ घातल्यावर केवळ मधले पद उरले, ४ घातल्यावर शेवटचे, आणि दोन्ही वेळा उत्तर १ च आले. वहीत तिचे गुण कापले गेले होते आणि शेजारी शेरा होता, ‘किमती घालून पाहणे म्हणजे सिद्धता नव्हे.’ “मामा, तिन्ही वेळा १ आलं, मग चुकलं कुठे?” असे तिने विचारले, तेव्हा तिच्या बाजूने बोलणे मला भाग पडले. शेरा एरवी रास्तच आहे. पण इथे तीन किमतींनी काम खरोखर पूर्ण होते. तिने त्याचे कारण लिहायला हवे होते, एवढेच.

ते कारण असे. x चा सर्वांत मोठा घात म्हणजे बहुपदीची कोटी, आणि वरच्या पदावलीची कोटी २ हून अधिक असू शकत नाही, हे कंस न सोडवताही दिसते. आता या पदावलीतून १ वजा करू आणि राहिलेल्या बहुपदीला D म्हणू. तिचीही कोटी जास्तीत जास्त २ आहे, आणि १, २ व ४ या तिन्ही ठिकाणी तिची किंमत शून्य आहे. शाळेतला अवयव सिद्धांत सांगतो की x = 1 ला D शून्य होत असेल, तर (x − 1) हा तिचा अवयव असतो; म्हणून D = (x − 1)E असे लिहिता येते आणि E ची कोटी जास्तीत जास्त १ राहते. इथे x = 2 घाला. डावी बाजू शून्य आहे, तर (2 − 1) शून्य नाही, म्हणून E लाच शून्य व्हावे लागते आणि तिच्यातून (x − 2) बाहेर पडतो. आता D = c(x − 1)(x − 2) असे रूप आले, ज्यात c ही निव्वळ एक संख्या आहे. शेवटी x = 4 घातले की c × 3 × 2 = 0 मिळते; म्हणजे c शून्य, आणि त्याबरोबर संपूर्ण D शून्य.

२ च्या जागी n असला, तरी हेच चालते. कोटी जास्तीत जास्त n असलेल्या दोन बहुपदी n + 1 वेगवेगळ्या ठिकाणी जुळत असतील, तर त्यांच्या वजाबाकीतून पहिली n ठिकाणे एकेक अवयव काढून घेतात, मागे एक संख्या उरते आणि शेवटचे ठिकाण तिला शून्य ठरवते. ‘जास्तीत जास्त’ हा शब्द इथे उगाच आलेला नाही, कारण वजाबाकीत वरचे घात एकमेकांना खाऊन टाकतात आणि कोटी कितीही खाली येऊ शकते.

कोटीची हमी मात्र आधीच हातात हवी. भाचीच्या पदावलीत (x − 1)(x − 2)(x − 4) कुणी गुपचूप मिळवले असते, तर तिन्ही किमती १ च आल्या असत्या; पण x = 3 ला उत्तर −१ आले असते, कारण आता कोटी ३ झाली आणि चौथी किंमत तपासणे आवश्यक होते.

दुसरी अट इतकी अंगवळणी पडलेली असते की ती लक्षातच येत नाही. (2 − 1) शून्य नाही म्हणून E शून्य, असे म्हणताना दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल, तर त्यांपैकी एक तरी शून्य असते, हे आपण गृहीत धरले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून मी भाचीला म्हटले, की बाराचा फेरा पूर्ण झाला की शून्य, असे गणित करून बघ. त्या गणितात x² आणि 1 या दोन बहुपदी १, ५, ७ आणि ११ अशा चार ठिकाणी जुळतात. ५ चा वर्ग २५, म्हणजे दोन फेरे आणि वर १, तर ७ चा ४९, म्हणजे चार फेरे आणि वर १. कोटी २ असताना तीन ठिकाणे पुरायला हवी होती, इथे चार असूनही बहुपदी वेगळ्याच आहेत. २ घातले की एकीची किंमत ४ येते आणि दुसरीची १. सिद्धता नेमकी कुठे मोडली तेही दिसते: x² − 1 म्हणजे (x − 1)(x + 1), आणि ५ घातल्यावर ४ × ६ = २४, म्हणजे घड्याळावर शून्य, जरी ४ आणि ६ यांपैकी एकही शून्य नाही.

“आणि घड्याळात अकराच तास असते तर?” तिने विचारले. अकरा ही मूळ संख्या असल्याने तिथे शून्य नसलेल्या दोन संख्यांचा गुणाकार कधीच शून्य होत नाही, आणि सिद्धता शब्दन्‌शब्द तशीच लागू पडते. तिने १ ते १० चे वर्ग मांडून पाहिले. वर १ उरणारे केवळ १ आणि १० हेच निघाले.