मत समितीचे, कैद देशाची

१९६६ साली संयुक्त राष्ट्रांत नागरी व राजकीय हक्कांचा करार झाला, तेव्हा वैयक्तिक तक्रारीची सोय मूळ करारात न घालता वेगळ्या ऐच्छिक प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे जोडकरारात, ठेवली गेली. करारावर सही करायची, पण आपल्या माणसांनी बाहेर जाऊन गाऱ्हाणे मांडू नये असे वाटणाऱ्या सरकारांची त्यात सोय झाली. प्रोटोकॉल १९७६ मध्ये अमलात आला. तक्रारी पाहणाऱ्या मानवाधिकार समितीची पहिली मते १९७९ मध्ये आली, ती लष्करी राजवटीखालच्या उरुग्वेविरुद्ध. समिती कोर्ट आहे असे प्रोटोकॉल कुठेही म्हणत नाही. ती आपली मते तक्रारदाराला आणि सरकारला कळवते, एवढेच पाचव्या कलमात आहे. पुढचा बहुतेक वाद या त्रोटक वाक्यावर चालत आला आहे.

त्यातला सर्वात बोलका प्रसंग श्रीलंकेचा. या देशाने १९९७ मध्ये प्रोटोकॉल स्वीकारला. १९९३ मध्ये पकडलेल्या एका तमिळ माणसाला १९९५ मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा झाली होती. अपिलात ती पस्तीस वर्षांवर आली. पुरावा एकच, कबुलीजबाब. तो सिंहलीत टाइप केलेला होता, आरोपीला ती भाषा येत नव्हती, दुभाष्या पोलीस खात्यातलाच होता आणि खाली आरोपीचा अंगठा होता. कबुली जबरदस्तीने घेतली हे आरोपीनेच सिद्ध करावे, असा दहशतवादविरोधी कायद्याचा नियम होता. देशातली कोर्टे संपल्यावर तक्रार समितीकडे गेली. तिथे सहसा तोंडी सुनावणी नसते, साक्षीदार नसतात. दोन्ही बाजूंचे कागद वाचून बंद दाराआड निर्णय होतो. २००४ मध्ये समितीने खटला न्याय्य नव्हता असे ठरवले आणि सुटका किंवा फेरखटला, शिवाय भरपाई, असा उपाय सांगितला. सरकारचे उत्तर असे की, कोर्टाने दिलेली शिक्षा आम्ही कशी बदलणार?

म्हणून कैदी पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचा अर्ज आपल्याच जुन्या आदेशाचा फेरविचार करा, एवढाच होता. सप्टेंबर २००६ मध्ये पाच न्यायमूर्तींनी तो फेटाळला, आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. प्रोटोकॉल स्वीकारणे म्हणजे परक्या समितीला न्यायदानाचा अधिकार बहाल करणे. तो राष्ट्राध्यक्षांना परस्पर देता येत नाही. म्हणून १९९७ ची स्वीकृतीच घटनाबाह्य, देशात तिला कायदेशीर परिणाम नाही, असे त्यांनी ठरवले. करार आणि देशी कायदा वेगळे, संसदेने कायदा केल्याशिवाय करारातून हक्क मिळत नाहीत, हा मुद्दा त्या देशाच्या घटनेत बसतो. पण समितीला अपिली कोर्ट ठरवून मग तिला तो अधिकार नाही असे म्हणणे, हे उगाच उभ्या केलेल्या शत्रूवर विजय मिळवण्यासारखे झाले. समितीने शिक्षा रद्द केलीच नव्हती. तिने सरकारला त्याने पत्करलेल्या कर्तव्याची आठवण दिली होती. शिवाय देशातला कायदा पुढे करून कराराची बांधिलकी टाळता येत नाही, हा करारविषयक कायद्याचा साधा नियम. निकालानंतरही श्रीलंका प्रोटोकॉलमधून बाहेर पडली नाही. त्यामुळे बाहेर बांधलेली आणि आत मोकळी, अशी विचित्र अवस्था तयार झाली.

मत दुर्लक्षले गेले तर समितीच्या हातात काय असते? सरकारला उत्तरासाठी १८० दिवस मिळतात. पाठपुराव्यासाठी १९९० पासून समितीतलाच एक सदस्य नेमला जातो, आणि उत्तरे पाहून शेरे दिले जातात. दंड नाही, जप्ती नाही. टाळाटाळ ओळखण्याची खूण सोपी आहे. मत भाषांतर करून संबंधितांना पाठवले असे सरकार कळवते, आणि सांगितलेल्या उपायाबद्दल गप्प बसते. फाशीच्या प्रकरणांत हे जास्त उघडे पडले. १९९९ मध्ये फिलिपाइन्सने तक्रार प्रलंबित असताना, समितीने थांबा म्हटल्यावरही तिघांना मृत्युदंड दिला. हा प्रोटोकॉलचाच गंभीर भंग असे समितीने ठरवले. त्रिनिदादने १९९८ मध्ये प्रोटोकॉल सोडला, मृत्युदंडाचे कैदी वगळण्याची अट घालून पुन्हा स्वीकारला आणि समितीने ती अट अमान्य केल्यावर २००० मध्ये कायमचा सोडला.

उलट टोकाचे उदाहरण स्पेनचे आहे, आणि ते महिलांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या करारातले. नवऱ्याच्या हिंसेबद्दल आईने तीसहून अधिक तक्रारी केल्या होत्या. तरी बापाला देखरेखीविना मुलीच्या भेटीची मुभा मिळाली आणि २००३ मध्ये त्याने तिला ठार मारले. २०१४ मध्ये त्या कराराच्या समितीने स्पेनला दोषी धरले. सरकारने भरपाई नाकारली. आईने समितीच्या मताच्या आधारे देशातच शासनाच्या दायित्वाचा दावा लावला. जुलै २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य करून सहा लाख युरो द्यायला लावले. घटनेनुसार करार देशी कायद्याचा भाग होतो, आणि मत अमलात आणण्याची ठरलेली पद्धत नसणे हाच हक्कभंग, असा त्यांचा तर्क होता. वकिलांनी यातून घेतलेला धडा असा: समितीकडून परत आलेले मत घेऊन पुन्हा देशातल्याच कोर्टात जायचे, नवा दावा म्हणून. करार आपोआप कायदा होत नाही अशा देशांत मात्र ही वाट संसदेतूनच जाते.